भ्रमणध्वनी-खेळांची प्रकाशनपूर्व चाचणी

भ्रमणध्वनी-खेळांची प्रकाशनपूर्व चाचणी : भ्रमणध्वनीवर खेळावयाचा खेळ प्रसृत करण्यापूर्वी तो निरनिराळ्या पडद्यांवर व जुन्या, अल्प क्षमतेच्या उपकरणांवर चालवून त्यातील दोष शोधण्याची प्रक्रिया.

पडद्यावरील पिक्सेलांच्या संख्येपेक्षा त्याच्या रुंदी-उंचीचे गुणोत्तर अधिक त्रासदायक ठरते. संख्येतील फरक चित्र लहानमोठे करून भरून काढता येतो. गुणोत्तरातील फरक तसा भरून निघत नाही. समजा, एखादा आडवा खेळ १,९२० × १,०८० (१६ : ९) या चौकटीसाठी रेखाटला आहे व उंची कायम ठेवून तो सर्वत्र दाखविला जातो. ४ : ३ गुणोत्तराच्या टॅब्लेटवर १,४४० एकके एवढीच रुंदी दिसते. प्रत्येक बाजूची २४० एकके कापली जातात व कडेजवळील कळ नाहीशी होते. हा दोष लगेच लक्षात येतो. याउलट २० : ९ च्या पडद्यावर २,४०० एकके दिसतात. तेथे कडेबाहेर दडवून ठेवलेला शत्रू खेळाडूला आधीच दिसतो. काहीही मोडलेले नसते, परंतु खेळ सोपा होतो. म्हणूनच हा दोष बहुधा निसटतो. आयफोन एक्स (२०१७) सारख्या खाच असलेल्या पडद्यांवर कळा प्रणालीने दिलेल्या सुरक्षित क्षेत्रातच ठेवाव्या लागतात. दूरध्वनी उलट दिशेने आडवा धरल्यास खाच दुसऱ्या बाजूस जात असल्याने चाचणी दोन्ही प्रकारे करतात.

जुन्या उपकरणांवरील दोष डोळ्यांना दिसत नाहीत. २,०४८ × २,०४८ पिक्सेलांचे चित्र प्रत्येक पिक्सेलास ४ बाइट या हिशेबाने १६ मेगाबाइट स्मृती व्यापते. संकोचित रूपात ते ४ मेगाबाइटांत मावते. अशा २० चित्रांना ८० मेगाबाइट पुरतात. तथापि जुन्या आलेखिकी प्रक्रियकाला ए.एस.टी.सी. हे संकोचित रूप वाचता येत नसेल, तर युनिटीसारखी प्रणाली चित्रे उलगडून स्मृतीत ठेवते आणि ८० चे ३२० मेगाबाइट होतात. म्हणजे ज्या उपकरणात स्मृती सर्वांत कमी, त्याच्यावरच चौपट भार पडतो. चित्र मात्र निर्दोष दिसते. पुढे स्मृती अपुरी पडली की, अँड्रॉइड प्रणाली कोणतीही सूचना न देता खेळ बंद करते. कारण निश्चित करण्यासाठी उपकरण संगणकाला जोडून `adb shell dumpsys meminfo` या आज्ञेने स्मृतीचा वापर मोजतात व तो नव्या उपकरणावरील वापराशी ताडून पाहतात. बहुतेक जुनी उपकरणे वाचू शकतात अशा ई.टी.सी.२ रूपात चित्रे दिल्यास वापर पुन्हा ८० मेगाबाइटांच्या आसपास येतो.

संगणकावरील अनुकारी दूरध्वनीचा उपयोग मांडणी तपासण्यापुरताच होतो. तो बहुधा संगणकाचाच आलेखिकी प्रक्रियक वापरतो व तापतही नाही. प्रत्यक्ष दूरध्वनी मात्र काही वेळाने तापून मंदावतो. यासाठी प्रत्येक प्रक्रियक-कुलातील निदान एक जुने उपकरण जवळ ठेवून त्यावर खेळ सलग अर्धा तास चालवितात. एवढे करूनही जी उपकरणे खेळ पेलू शकत नाहीत, त्यांना स्मृतीच्या मर्यादेनुसार वितरणातून वगळण्याची सोय गूगल प्लेमध्ये आहे.