महागड्या नोव्हेंबरचा हिशेब

जून २०११ मध्ये अमेरिकेच्या ग्रुपॉन या कंपनीने शेअर बाजारात येण्यासाठी कागदपत्रे दाखल केली. त्यात नफ्याचे एक खास घरचे माप होते. त्या मापाने २०१० साली कंपनी सुमारे ६ कोटी डॉलर फायद्यात होती, तर रूढ हिशेबाने सुमारे ४२ कोटी डॉलर तोट्यात. नवे ग्राहक मिळवण्यासाठी केलेला ऑनलाइन जाहिरातींचा खर्च या मापात धरलाच नव्हता. टीका झाली, नियामकांनी प्रश्न विचारले आणि ऑगस्टमध्ये ते माप कागदपत्रांतून गेले.

इतके धाडस सहसा कोणी करत नाही. गुंतवणूकदारांना तिमाही पत्र लिहिताना सरासरीनेही बरेच झाकता येते, आणि त्यात खोटे काहीच नसते.

समजा, पुण्यातली एक कंपनी लाकडी घाण्याचे तेल घरपोच विकते आणि त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात आली आहे. ऑक्टोबरात मार्केटिंगवर १२ लाख रुपये खर्चून ३,००० नवे ग्राहक मिळाले, म्हणजे माणशी ४०० रुपये. नोव्हेंबरात तेवढ्याच पैशांत २,००० आले, म्हणजे माणशी ६००. डिसेंबरात १० लाखांत २,५००, पुन्हा ४००. पत्रात एकच ओळ जाते : ‘तिमाहीत एक ग्राहक सरासरी ४५३ रुपयांना पडला.’ आकडा बरोबर आहे, फक्त नोव्हेंबर त्यात दिसत नाही.

या आकड्याला ब्लेंडेड कॅक म्हणतात. एकूण मार्केटिंग खर्चाला एकूण नव्या ग्राहकांनी भागायचे; जाहिरात पाहून आलेले आणि शेजारणीने सांगितले म्हणून आलेले, दोन्ही एकाच राशीत. खर्च मात्र सगळा धरायला हवा : जाहिराती, एजन्सीची फी, पहिल्या ऑर्डरवरची सूट, मार्केटिंगच्या माणसांचे पगार. सूट आणि पगार वगळले की कॅक आपोआप देखणा होतो. पत्र वाचताना मी आधी तेच शोधतो.

आता पेबॅक, म्हणजे घातलेले पैसे किती महिन्यांत परत येतात. इथे विक्रीची रक्कम धरायची नाही. तेलबिया, बाटली, डिलिव्हरी आणि पेमेंटचे शुल्क वजा जाता जे उरते, तेच धरायचे. शिवाय ज्यांनी दुसऱ्यांदा मागवलेच नाही, त्यांनाही भाजकात ठेवायचे. म्हणून महिन्यागणिक ग्राहकांच्या तुकड्या वेगळ्या ठेवतात आणि प्रत्येक तुकडीने माणशी किती परत दिले ते पाहत जातात.

आपल्या कंपनीत ऑक्टोबरच्या तुकडीने पहिल्या महिन्यात माणशी २०० रुपये दिले, दुसऱ्या महिन्यात फक्त ५०. फराळ तळून झाला आणि बरेच जण पुन्हा फिरकलेच नाहीत. पुढे ४०, ३५, ३०, २५, २० असे करत ४०० रुपये सुटायला सातवा महिना उजाडला. नोव्हेंबरात आलेले लोक रोजच्या स्वयंपाकासाठी तेल घेणारे होते. त्यांचे २००, ११०, १००, ९०, ८०, ७० असे आले आणि ६०० रुपये सहाव्या महिन्यातच वसूल झाले.

म्हणजे ज्या महिन्याची लाज वाटत होती, त्याचे पैसे आधी परत आले.

पण जानेवारीत पत्र लिहिताना हे कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा हातात एवढेच असते की नोव्हेंबरच्या ६०० पैकी ३१० आणि ऑक्टोबरच्या ४०० पैकी २९० परत आले आहेत. तेवढेच लिहावे. ‘नोव्हेंबरात ग्राहक दीडपट महाग पडला, दिवाळी संपल्यावर मागणी उतरली, आम्ही मात्र जाहिरातींचा खर्च उतरवला नाही’ हे वाक्य कटू असले तरी पुरेसे आहे. मे महिन्याच्या पत्रात तोच तक्ता चार महिने पुढे नेऊन दाखवता येतो. जानेवारीत नोव्हेंबर सरासरीत बुडवला असता, तर मे महिन्यात तो चांगला निघाला हे सांगायलाही जागा उरली नसती.

वाढीच्या बाबतीत ब्लेंडेड आकडा आणखी उशिरा बोलतो. समजा जानेवारीत खर्च १० लाखांवरून १५ लाखांवर नेला आणि ग्राहक २,५०० वरून ३,००० झाले. कॅक ४०० चा ५०० झाला, फार बिघडले असे वाटत नाही. पण वाढीव ५ लाखांनी वाढीव ५०० च ग्राहक आणले, म्हणजे त्यातला प्रत्येक जण १,००० रुपयांना पडला. नोव्हेंबरच्या तुकडीने सहा महिन्यांत माणशी ६५० दिले होते. या गतीने १,००० वसूल व्हायला वर्षभर तरी लागेल आणि तोवर बियांचे पैसे व्यापाऱ्याला दुसरीकडून द्यावे लागतील. म्हणून पत्रात ‘ग्राहक २० टक्के वाढले’ असे लिहिले असेल, तर त्याच ओळीत या शेवटच्या ५०० जणांची किंमतही मागावी.