पडायला अर्धा सेकंद, हसायला दोन

सिंगीतम श्रीनिवास राव यांचा १९८७ सालचा ‘पुष्पक’ हैदराबादेत तेलुगू नावाने लागला, मुंबईत हिंदी नावाने. डबिंगची गरज पडली नाही, कारण चित्रपटात संवादच नाहीत. त्यातली एक गंमत पाहा. कमल हासनचा बेकार तरुण चित्रपटगृहाला लागून असलेल्या चाळवजा जागेत राहतो आणि पडद्यावरच्या मारामारीच्या आवाजातच त्याला झोप लागते. पुढे पंचतारांकित हॉटेलातल्या मऊ बिछान्यावर तो नुसता तळमळतो. अखेर तोच गोंगाट टेप करून आणतो, खोलीत लावतो आणि झोपी जातो. पहिल्या खोलीतली झोप आपण आधी पाहिलेली नसती, तर टेपरेकॉर्डर पाहून कुणीच हसलं नसतं.

मूक विनोद लिहिताना आधी हेच ठरवावं लागतं: प्रेक्षकाला काय, कधी आणि किती वेळ दाखवायचं. नारायणगुड्यातल्या एखाद्या इराणी हॉटेलात घडणारा एक काल्पनिक प्रसंग घेऊ.

पहिला शॉट लांबून. पोऱ्या फरशी पुसून जातो, फरशी ओली चकचकीत. मागे गल्ल्यावर मालक, त्याच्यासमोर उस्मानिया बिस्किटांची काचेची बरणी. वेटर सहा कप चहाचा ट्रे खांद्यावर घेऊन येतो. या शॉटला तीन-चार सेकंद द्यावेत, कारण नजर एका वस्तूवरून दुसरीवर न्यायला डोळ्याला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. फरशी, ट्रे, मालक, बरणी हे सगळं टिपून होण्याआधी काही घडलं, तर ते वाया जातं.

आता वेटर घसरतो. पाय पुढे, धड मागे, मोकळा हात गरगर फिरतोय, ट्रे मात्र जागच्या जागी आडवा. शरीराचा तोल पायांच्या आधाराबाहेर गेला की माणूस पडतो, हे आपल्या अंगाला ठाऊक असतं, म्हणून आपणही खुर्चीत आवळून बसतो. अतिशयोक्ती सगळ्या अंगाने करायची नसते. एक वस्तू स्थिर राहिली, तरच बाकीची धांदल दिसते. वेटर सावरतो. एकही थेंब सांडलेला नाही.

कट. मालकाचा चेहरा: डोळे विस्फारलेले, श्वास रोखलेला. हा चेहरा सेकंदभर, म्हणजे २४ फ्रेम, तसाच धरायचा. मग तो हायसं वाटून सुस्कारा टाकतो, खुर्चीत मागे रेलतो, खुर्ची कलंडते, पाय वर जातात आणि बुटाचं टोक बरणीला लागतं.

बरणी १.२ मीटर उंचीवरून पडते. गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने जमिनीवर पोहोचायला तिला जेमतेम अर्धा सेकंद लागतो, म्हणजे १२ फ्रेम. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, त्यामुळे तो मुद्दाम सावकाश फिरवून कमी फ्रेम टिपता येत. सेकंदाला १६ फ्रेम टिपून २४च्या वेगाने दाखवल्या, तर पडणं एक तृतीयांश सेकंदात उरकतं. मोबाइलवर वेग दीडपट केला तरी तेच. वेग दीडपट झाला, तरी भासणारं गुरुत्वाकर्षण सव्वादोन पट होतं, कारण तिथे वेळेचा वर्ग येतो. त्यामुळेच जुन्या विनोदी मूकपटांतली माणसं पडत नाहीत, आपटतात. पण याला मर्यादा आहे. १२ फ्रेम टिपल्या तर पाव सेकंदच उरतो, आणि नजर बरणीवर पोहोचेपर्यंत तुकडे झालेले असतात.

शेवटचा शॉट वेटरचा. तो ट्रे हळूच टेबलावर ठेवतो, मालकाकडे पाहतो आणि हात पुसायच्या फडक्याने फरशी पुसायला वाकतो. इथे दोन सेकंद तरी द्यावेत, म्हणजे प्रेक्षागृहातलं हसू ओसरायला जागा मिळते.

कागदावर हे सगळं एका परिच्छेदात कोंबू नये. एका ओळीत एकच कृती, आणि थांबायचं तिथे ओळ मोकळी. वाचणाऱ्याचा डोळा त्याच लयीत उतरतो. विशेषणं गाळावीत. ‘फार गमतीने घसरतो’ या वाक्यावर नटाला काहीच करता येत नाही, ‘ट्रे हलत नाही’ यावर येतं.

प्रसंग मित्राला आवाज बंद करून दाखवावा. ‘काय फुटलं?’ असं त्याने विचारलं, तर बरणी पहिल्या शॉटमध्ये नीट दिसली नव्हती. मालक रेलण्याआधीच तो हसू लागला, तर बरणी गल्ल्याच्या फार कडेला ठेवली गेली आहे. वेटरला हसून मालकाच्या वेळी तो गप्प राहिला, तर चूक पडण्यात शोधू नये. मालकाचा रोखलेला श्वास लांबवून पाहावा.