भरताचा ऑनलाइन क्लास: पैसे भरल्यावर पहिला मेल कधी, दुसरा कधी?

जळगाव : आपल्याकडच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोदकडची हिरवट-पांढरी वांगी तर पुणे-मुंबईपर्यंत जातात. आता वांग्यांच्या मागोमाग भरीत शिकवणंही ऑनलाइन जाऊ लागलं आहे. व्हिडिओ काढणं बऱ्याच जणींना जमतं. अडचण पुढे येते. पुण्याची किंवा सुरतची बाई पैसे भरते, एकदा लिंक उघडते आणि नंतर तिकडे फिरकतच नाही. भरीत केलंच नाही, मग पुढचा मांड्यांचा क्लास ती कशाला घेईल?

नाव नोंदवल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत तिला कोणते मेल जातात आणि किती अंतराने जातात, यावर इथे बरंच अवलंबून असतं. काही जण म्हणतील, व्हॉट्सॲप ग्रुप असताना मेल कशाला? ग्रुपवर दुपारी टाकलेली सामानाची यादी संध्याकाळपर्यंत शुभ सकाळच्या फोटोंखाली गाडली जाते. शिवाय ग्रुपवर सगळ्यांना एकाच दिवशी एकच निरोप जातो. क्लासला मात्र कुणी आज येतं, कुणी दहा दिवसांनी. मेल प्रत्येकीच्या नोंदणीच्या तारखेपासून मोजून पाठवता येतो.

पहिला मेल पैसे जमा झाल्याबरोबर गेला पाहिजे, म्हणजे पाच-दहा मिनिटांत. पैसे भरलेला माणूस तेव्हा फोन हातात धरून वाट बघत असतो. उशीर झाला की पहिली शंका फसवणुकीचीच येते. या मेलमध्ये चारच गोष्टी पुरेत: पैसे मिळाले, व्हिडिओची लिंक ही, अडलं तर याच मेलला उत्तर द्या, आणि पुढचा मेल उद्या सामानाच्या यादीचा येईल. गटाची माहिती, सत्काराचे फोटो, सरपंचांचं मनोगत इथे नको.

दुसरा मेल यादीचा, आणि अंतराचं खरं गणित इथून सुरू होतं. बरेच जण ठोकळ हिशोब करतात, एक दिवसाआड एक मेल. पण पिकाला पाण्याची पाळी आपण कॅलेंडर बघून देत नाही, जमिनीची ओल बघून देतो. इथे काय बघायचं? समोरच्या बाईला सामान जमवायला किती दिवस लागतील ते. वांगी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर हे शहरात एका फेरीत मिळतं. कळण्याचं पीठ मात्र तयार मिळेलच असं नाही. ज्वारी आणि अख्खे उडीद आणायचे, गिरणीत द्यायचे, दळून आणायचे. नोकरी करणाऱ्या बाईचे यात तीन दिवस सहज जातात. म्हणून यादीचा मेल आणि 'आज करून बघा' हा मेल यांच्यात किमान तीन दिवस हवेत.

दुसरी अट वाराची. भरीत घाईत होत नाही, ते बहुतेक घरांत रविवारीच होणार. म्हणून करून बघायचा मेल शनिवारी दुपारी चारच्या सुमारास जावा. संध्याकाळी बाजारात गेली की वांगी ताजी येतात. क्लासला कुणी लंडनहून असेल तर तिच्याकडे तेव्हा शनिवारची सकाळ असते, तिलाही चालतं.

आता उदाहरण घेऊ. एका ताईने मंगळवारी रात्री नऊला पैसे भरले. पहिला मेल लगेच गेला. बुधवारी यादी. गुरुवार, शुक्रवार काही नाही. शनिवारी दुपारी तिसरा मेल:

"ताई, उद्या भरीत करायचं ना? वांगं हातात हलकं लागेल असं घ्या, जड वांग्यात बिया जास्त निघतात. आपण तुराट्यांवर भाजतो, तुम्ही गॅसवर भाजा. भाजण्याआधी टोचे मारायला विसरू नका, नाही तर वांगं फुटतं. त्याचा चार मिनिटांचा व्हिडिओ खाली आहे. झालं की फोटो पाठवा."

लिंक एकच. पाच लिंका दिल्या की एकही उघडली जात नाही. आणि व्हिडिओ मेलला जोडू नका. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडून जात नाही, लहान असली तरी समोरच्याचा डेटा खाते.

चौथा मेल सोमवारी किंवा मंगळवारी, आणि तो विचारण्यासाठी: भरीत कसं झालं? पाणी सुटलं असेल तर वांगं आतून कच्चं राहिलं, किंवा सोलल्यावर निथळू दिलं नाही. कडू लागलं तर वांगं जून होतं. या मेलला येणारी उत्तरं जपून ठेवा, पुढच्या तुकडीच्या शनिवारच्या मेलमध्ये तीच कामी येतात. मांड्यांच्या क्लासची जाहिरात त्यानंतर, दहाव्या-बाराव्या दिवशी. भरीत खाल्ल्याआधी मांड्यांचे पैसे मागितले तर माणूस बिचकतो. त्यापुढे पंधरा दिवसांतून एक मेल पुरे.

पण एखादी शुक्रवारी आली तर? यादी शनिवारी जाईल, रविवारपर्यंत दळण होणार नाही. तिचा करून बघायचा मेल पुढच्या शनिवारी ढकलायचा. सोपा नियम असा, की मंगळवारपर्यंत आलेल्यांना याच शनिवारी, बुधवारपासून पुढे आलेल्यांना पुढच्या शनिवारी. मात्र मध्ये पूर्ण आठवडा शांतता राहिली तर ती क्लास विसरते. म्हणून यादीनंतर तीन-चार दिवसांनी एक लहान मेल ठेवा, ठेच्यासारख्या पाच मिनिटांच्या कामाचा, ज्याला नवं सामान लागत नाही.

तुकडी वीस-पंचवीस जणींची असेल तर हे सगळं साध्या जीमेलवर होतं. मेल लिहायचा, वरच्या तीन ठिपक्यांत 'Schedule send' निवडायचं, वार आणि वेळ टाकायची. असे १०० मेल रांगेत ठेवता येतात. प्रत्येकीला वेगळा पाठवा. सगळ्यांचे पत्ते 'To' मध्ये टाकले तर एकीचा पत्ता दुसरीला दिसतो, आणि ते कुणालाच आवडत नाही.

संख्या शेकड्यांत गेली की आपोआप मेल पाठवणारी सेवा लागते. तिथे एक अडचण येते. पाठवणाऱ्याचा पत्ता साधा @gmail.com ठेवून अशा सेवेतून मेल सोडले तर बरेचसे स्पॅममध्ये जातात, कारण तो पत्ता खरंच तुमचा आहे याची खूण त्यावर नसते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी हे नियम कडक केले आहेत. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्यावं लागतं, आणि SPF व DKIM या दोन नोंदी त्यावर कराव्या लागतात. एकदाचं काम आहे, जाणकाराकडून करून घ्या. 'मेल नको' म्हणण्याची लिंकही खाली ठेवा. ती नसली की वैतागलेला माणूस 'Report spam' दाबतो, आणि त्याचा फटका बाकीच्यांच्या मेललाही बसतो.

अंतर जमलंय की नाही हे कसं कळणार? या सेवा किती जणांनी मेल उघडला तो आकडा दाखवतात, त्यावर फार विसंबू नका. २०२१ पासून ॲपलच्या फोनमधलं मेलचं ॲप मेल न वाचताही तो उघडल्यासारखा दाखवू शकतं. व्हिडिओच्या लिंकवर किती जणींनी टिचकी मारली आणि किती जणींचा भरताचा फोटो आला, ते मोजा. यादीची लिंक उघडली पण शनिवारची उघडली नाही, असं बऱ्याच जणींचं झालं तर एकीला फोन करून विचारा. बहुतेक वेळा उत्तर हेच येतं, की दळण अजून झालं नाही.