गोळी बदलली, मग रक्ततपासणी सहा आठवड्यांनी का?

थायरॉईडची गोळी 75 मायक्रोग्रॅमवरून 100 वर नेली, की पेशंट हमखास विचारतो, "मग पुढच्या आठवड्यात रक्त तपासू?" डॉक्टर म्हणतात, "सहा आठवड्यांनी या." फार्मसीच्या मुलांना मी औषधाचं अर्धायुष्य याच गोळीवर शिकवतो. त्यांच्या टिपणांत लॉगरिदमची सूत्रं असतात, पण आपलं काम साध्या हिशेबावर भागतं.

शरीरात असलेलं औषध निम्मं व्हायला जो वेळ लागतो, तो त्याचं अर्धायुष्य. पॅरासिटामॉलचं दोन-तीन तास. थायरॉईडच्या गोळीतल्या लिव्होथायरॉक्सिनचं मात्र सुमारे 7 दिवस. म्हणजे शरीर रोज साठ्याचा जवळपास दहावा भाग संपवतं.

समजा, एकीची थायरॉईड ग्रंथी काढली आहे आणि ती रोज 100 ची गोळी घेते. त्यातलं 70 मायक्रोग्रॅम पोटातून रक्तात उतरतं असं धरू. सुरुवातीला रोज 70 जमा, खर्च जेमतेम 7. साठा वाढतो तसा खर्चही वाढत जातो, कारण तो साठ्याचा दहावा भाग आहे. साठा 700 वर पोहोचला की खर्चही 70 होतो आणि वाढ थांबते. हीच स्टेडी स्टेट, स्थिर पातळी. पहिल्या आठवड्यात साठा 350 होतो, दुसऱ्यात 525, तिसऱ्यात 612 च्या आसपास आणि पाचव्याअखेर 680 च्या जवळ.

इथे विद्यार्थी हटकून चुकतात. त्यांना वाटतं, डोस मोठा दिला की स्थिर पातळी लवकर येईल. डोसाने पातळीची उंची ठरते; तिथवर पोहोचायला चार-पाच अर्धायुष्यं लागतातच. 75 ची 100 केली, तर साठा 525 वरून 700 कडे निघतो आणि आठवड्याने जेमतेम निम्मं अंतर कापतो. त्यात टीएसएच हा मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचा संदेश, तो आणखी मागून बदलतो. आठवड्याने तपासलं तर टीएसएच चढाच दिसेल. तो पाहून डोस पुन्हा वाढवला, तर महिन्याभराने छातीत धडधड आणि झोप उडालेली.

याच हिशेबाने, एखादी गोळी चुकली तर 700 मधले 70 कमी होतात. घाबरण्याचं कारण नाही. महिनाभर गोळ्या चुकवून तपासणीआधी चार-पाच दिवस नेमाने घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या रिपोर्टात टी-फोर नॉर्मल दिसतो आणि टीएसएच मात्र चढलेला असतो. असा रिपोर्ट हाती आला, तर डोस वाढवण्याआधी बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजून पाहाव्यात.