जे आले नाहीत त्यांच्यासाठी

कार्यशाळा संपली की दुसऱ्या दिवशी इन्स्टाग्रामवर तिचा कॅरोसेल येतो, म्हणजे बोटाने सरकवत पाहायची चित्रमालिका. आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग सगळ्यांचा एकत्र फोटो. आलेले लोक त्यात स्वतःला शोधतात. न आलेल्याला एवढेच कळते, की कार्यक्रम झाला आणि नारळ बरेच लागले.

समजा, एका सोसायटीत ओल्या कचऱ्यापासून खत करण्याची कार्यशाळा झाली. दोन तासांच्या बोलण्यात घरी करून पाहण्याजोग्या गोष्टी तीन-चारच असतात. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला घाला. मिश्रण मुठीत घट्ट पिळा. एखाददुसरा थेंब आला तर ओल बेताची, धार लागली तर जास्त. अमोनियासारखा उग्र वास आला तर पाला कमी पडतोय, कुजका वास आला तर हवा मिळत नाही, ढवळा. एका चित्रावर यातली एकच गोष्ट घ्यावी.

पहिल्या चित्रावर ‘कार्यशाळा उत्साहात संपन्न’ लिहू नये. ‘खताच्या डब्याला वास येतोय?’ असे विचारावे. कोणी तिथेच थांबून निघून गेले, तर इन्स्टाग्राम कधी कधी तीच मालिका त्याला पुन्हा दुसऱ्या चित्रापासून दाखवते. म्हणून दुसरे चित्रही पहिल्याशिवाय समजले पाहिजे. मुठीची परीक्षा तिथे चपखल बसते. वीस चित्रे टाकता येतात, पण सात-आठ पुरतात. आकार १०८० बाय १३५० पिक्सेल ठेवला तर मोबाइलवर भरपूर जागा मिळते. ती मजकुराने भरू नये. देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार. ओळी दाटल्या की ते एकमेकांत अडकतात.

आभारांचे चित्र शेवटी वेगळे ठेवले, तर तिथवर फारसे कोणी जात नाही. त्यापेक्षा मुठीच्या परीक्षेखालीच ती शिकवणाऱ्या बाईंचे नाव द्यावे. ‘मोलाचे मार्गदर्शन’ या ठरीव शब्दांपेक्षा हे आभार खरे वाटतात. मात्र नाव घालायचे तर मजकूर आधी त्यांना दाखवायलाच हवा. ऐकून टिपताना ‘दुप्पट पाला’चे ‘निम्मा पाला’ सहज होते, आणि मग घरोघरच्या दुर्गंधीचे खापर बाईंवर फुटते. चित्रांसोबतचा मजकूर नंतर दुरुस्त करता येतो; चित्रावर छापलेली अक्षरे तिथल्या तिथे बदलता येत नाहीत.

सोबतच्या मजकुराला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात हेच मुद्दे पुन्हा साध्या वाक्यांत लिहावेत. चित्रातली अक्षरे सहज उचलून कोणाला पाठवता येत नाहीत, आणि मोबाइलकडून वाचून घेणाऱ्या दृष्टिहीन माणसापर्यंत ती नीट पोचतीलच असे नाही. प्रत्येक चित्राला पर्यायी वर्णन जोडायचीही सोय आहे; तिथे ‘फोटो १’ न लिहिता ‘मुठीत पिळलेले मिश्रण, बोटांतून एक थेंब’ असे लिहावे.