खोलीभाड्याची कात्री कुठवर चालते?

डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांना घाई असते ती रुग्णाला घरी नेण्याची. मंजुरीपत्र येते, वरची रक्कम भरली जाते आणि कापलेल्या पैशांचा हिशेब कोणी विचारत नाही. खरे तर सही करण्याआधी बाबवार बिल आणि मंजुरीपत्र शेजारी ठेवून पाहायला हवे.

समजा, पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याला रोज विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे ५,००० रुपयांची मर्यादा आहे. हर्नियाच्या रुग्णाने चार दिवस ८,००० रुपयांची खोली घेतली. बिलात खोलीचे ३२,०००, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांच्या भेटींचे ८०,०००, औषधे व इतर वैद्यकीय साहित्याचे ३०,०००, तपासण्यांचे १२,००० आणि पोटात बसवलेल्या जाळीचे १५,००० आहेत. एकूण १,६९,०००.

भाड्यातला फरक चार दिवसांचा १२,००० रुपये, तेवढेच खिशातून जातील, असा बहुतेकांचा समज असतो. पण पॉलिसीत प्रमाणशीर कपातीचे कलम असेल, तर महागड्या खोलीमुळे वाढणाऱ्या खर्चालाही तेच प्रमाण लागते. आठातले पाच म्हणजे साडेबासष्ट टक्के. खोलीचे २०,००० आणि त्या ८०,००० पैकी ५०,००० मिळतात.

इथे कात्री थांबायला हवी. विमा नियामक ‘आयआरडीएआय’ने २०२० मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार औषधे व वैद्यकीय साहित्य, शरीरात बसवलेली उपकरणे आणि तपासण्या यांवर ही कपात करता येत नाही. आयसीयूच्या शुल्कावरही नाही. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयात तर ती लावताच येत नाही. म्हणजे आपल्या रुग्णाला १,२७,००० मिळायला हवेत. सरसकट कपात झाली असेल तर मंजुरीपत्रात १,०५,६२५ दिसतील. हा २१,३७५ रुपयांचा फरक विमा कंपनीकडे मागायचा.

न मिळणाऱ्या वस्तूंचे भांडण मात्र पुष्कळदा रुग्णालयाशी असते. डायपर, टेलिफोन, नातेवाइकांचे जेवण हे साध्या पॉलिसीत मिळत नाही, ते निमूटपणे भरावे. पण फाइल उघडण्याचे शुल्क, हाऊसकीपिंग, मनगटावरची ओळखपट्टी, पल्स ऑक्सिमीटर यांचा समावेश नियामकाच्या यादीने खोलीभाड्यातच केला आहे. सर्जिकल ब्लेड आणि कापूस शस्त्रक्रियेच्या खर्चात. यांची वेगळी ओळ बिलात दिसली, की कंपनी ती कापते आणि रुग्णालय ती रुग्णाकडून वसूल करते. बिल अंतिम होण्याआधीच बिलिंग खिडकीवर यादी दाखवून ती ओळ काढायला सांगावी. पैसे भरल्यावर हे काम फार अवघड होते. ‘सर्जिकल किट’ अशी मोघम ओळ असेल, तर आत काय आहे ते लिहून मागावे. ही यादी बहुधा पॉलिसीच्या शेवटच्या पानांतच जोडलेली असते.

कपात चुकीची वाटली, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात त्याची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.