शेंदूर नको, गेरू चालेल

पालकहो,

दिवाळीच्या आधी पणत्या रंगवायला घेतल्या की दोन-तीन मुलं घरून दाराच्या ऑइल पेंटचा उरलेला डबा आणतात. रंग पक्का बसतो, चमकतो. तरीही तो डबा मी परत पाठवते. त्यामागचं कारण शिसं.

झगझगीत पिवळ्या आणि नारिंगी रंगांसाठी लेड क्रोमेट हे शिशाचं संयुग वर्षानुवर्षं वापरलं गेलं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून त्याहून जास्त शिशाचे रंग बनवायला बंदी आली. पण हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांचा आहे, कारखान्यात वापरायच्या रंगांचा नाही. शिवाय माळ्यावरचा डबा त्याआधीचा असू शकतो.

सहा-सात वर्षांचं मूल रंगलेलं बोट तोंडात घालतं, नखं खातं, त्याच हातानं डबा खातं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट हिस्सा लहान मुलाच्या शरीरात शोषला जाऊ शकतो. त्याचा परिणाम मेंदूवर, लक्ष लागण्यावर होतो. सुरुवातीला वरून काहीच दिसत नाही, रक्त तपासलं तरच कळतं.

मग नैसर्गिक रंग द्या, असं काही पालक सुचवतात. इथे जपून. शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड असतो, हिंगुळात पारा असतो, हरताळात आर्सेनिक. तिन्ही खनिजंच. गेरूचा लाल रंग मात्र लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणून वारली चित्रांच्या तासाला आपण तो भिजवून वापरतो. बाकी वेळी पाण्यात मिसळणारे, मुलांसाठी म्हणून विकले जाणारे पोस्टर रंग. लेबल, कंपनीचं नाव आणि पत्ता नसलेली सुट्टी पूड मी घेत नाही, कितीही स्वस्त असली तरी.

मातीचंही तसंच. आपण शाडू भिजवलेलीच आणतो. कोरड्या मातीची बारीक धूळ श्वासातून आत जाते आणि तिच्यात सिलिका असते. म्हणून तास संपल्यावर वर्ग झाडायचा नाही, बाकं आणि फरशी ओल्या फडक्यानं पुसायची. वाळलेल्या मूर्तीला पॉलिशपेपर लावायचा नाही. खडबडीत जागा ओल्या बोटानं किंवा स्पंजनं गुळगुळीत होते.

हाताचा ठसा घ्यायला प्लास्टर ऑफ पॅरिस का नाही, हेही विचारलं जातं. पाणी घातल्यावर ते घट्ट होताना तापतं. थर जाड असेल तर त्यात रुतलेला हात भाजू शकतो, आणि तोवर प्लास्टर घट्ट झाल्यानं तो चटकन बाहेरही काढता येत नाही. ठसा हवा असेल तर शाडूच्या लाटलेल्या पोळीवर हात दाबून घेतो.

घरून काही पाठवायचं असेल तर जुना सुती शर्ट पाठवा, मुलं तो गणवेशावर घालतील. आणि मुलाला गव्हाची किंवा कसली ॲलर्जी असेल तर डायरीत लिहून कळवा, कारण पावसाळ्यात शाडू वाळत नाही तेव्हा आम्ही कणकेचे प्राणी करतो.

— वर्गशिक्षिका, इयत्ता दुसरी